‘जरा प्रोफेशनल करून पाठव’

आज डोकं फिरलंय. हे लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. लांब होईल, आधीच सांगते.

सकाळी आमच्या विभागप्रमुखांनी नव्याने लागलेल्या मुलाला मोबाइलवर एक ओळ पाठवली. ‘उद्याचं नाही जमणार. पुढच्या गुरुवारी ५ ला करू. ओके?’ आणि खाली सूचना: ‘हे लंडनच्या लोकांना जरा प्रोफेशनल करून पाठव.’ बस, एवढंच. उद्याचं म्हणजे बुधवार, २५ मार्चची बैठक. मोठ्या ग्राहकाबरोबरची, कराराच्या नूतनीकरणाची, आमच्या दुपारी चारला ठरलेली. त्यांचे तीन जण, आमचे दोन. महिनाभर आधी सगळ्यांच्या वेळा जुळवून ठरवलेली.

मुलगा हुशार आहे, मन लावून काम करतो. त्याने दार लावून घेऊन तासभर बसून मेल लिहिला. मूळ इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचं तर असा: ‘सविनय नमस्कार. आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या अमूल्य वेळेबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत. काही अपरिहार्य कारणांमुळे उद्याची नियोजित बैठक घेणे शक्य होणार नाही, याबद्दल मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. सदर बैठक पुढील गुरुवारी ५ वाजता आयोजित करण्याचे योजिले आहे. कृपया आपली संमती कळवून उपकृत करावे.’

दुपारी उत्तर आलं, ‘चालेल.’ सोबत त्यांच्या सहायक बाईंनी कॅलेंडरचं निमंत्रण जोडलेलं. गुरुवार, २६ मार्च, संध्याकाळी ५, लंडनची वेळ. म्हणजे आमच्याकडे परवा रात्रीचे साडेदहा. साहेबांच्या डोक्यात होता २ एप्रिल, आणि पाच होते आपले इथले. एकाने विचारलं, दुसऱ्याने हो म्हटलं, दोघांनाही वाटलं ठरलं. आणि दोघांत जवळजवळ एका आठवड्याचं अंतर.

मग साहेब सगळ्यांसमोर त्या मुलाला म्हणाले, ‘एक साधा मेल धड लिहिता येत नाही?’

इथे माझं डोकं फिरलं. कारण मेल धड नव्हता हे खरं, पण त्या मेलमधली प्रत्येक भोकं साहेबांच्या ओळीत आधीपासून होती. मुलाने फक्त त्यांच्यावर मखमल घातली.

‘प्रोफेशनल कर’ या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे. सांगणाऱ्याला वाटतं, आपण काम सांगितलं, आता फक्त भाषा घासूनपुसून घ्यायची. ऐकणाऱ्याला वाटतं, ‘कृपया’, ‘विनम्र’, ‘दिलगिरी’ घातलं की झालं. दोघांचाही समज असा की तुटक निरोपात नम्रता कमी असते. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यात विचार कमी असतो, आणि तो न केलेला विचार समोरच्याच्या अंगावर टाकलेला असतो. कोणता गुरुवार, कुणाचे पाच, किती वेळ, कोण कोण, का बदललं, आणि मला नाही जमलं तर काय? हे सगळं समोरच्याने बसून उलगडायचं. घरच्या माणसांत हे खपतं, कारण त्यांना आपले संदर्भ माहीत असतात. परक्या कंपनीतल्या, दुसऱ्या देशातल्या माणसाकडे ते संदर्भ नसतात. तो अंदाज बांधतो. आज त्या सहायक बाईंनी तेच केलं, आणि त्यांच्या जागी त्यांचा अंदाज चुकीचा नव्हताच. लंडनमध्ये बसलेल्या माणसाने ‘५ वाजता’ वाचलं तर तो आपल्याच भिंतीवरचं घड्याळ बघणार.

मुलगा नंतर माझ्या टेबलाशी आला. ‘ताई, मी तर सगळं नम्रपणे लिहिलं होतं.’ आवाज इतका खाली की मला आधी ऐकूच आलं नाही. त्याला म्हटलं, बस. आपण हाच मेल पहिल्यापासून करू. जे त्याला सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण तुमच्यातले निम्मे असे मेल रोज पाठवतात आणि निम्मे रोज वाचतात.

पहिली गोष्ट, लिहायला बसायचंच नाही. आधी साहेबांकडे जायचं. गुरुवार म्हणजे कोणती तारीख? पाच आपले की त्यांचे? बदलायचं कारण काय, आणि ते बाहेर सांगण्यासारखं आहे का? गुरुवार त्यांना नाही जमला तर दुसरं काय चालेल? ही विचारपूस पाच मिनिटांची. नवी मुलं ती करत नाहीत, कारण साहेब म्हणतील ‘एवढंही कळत नाही का’, ही भीती. आणि साहेब तसं म्हणतातही, म्हणून मला मुलांचा राग येत नाही. पण ज्या निरोपात तारीखच नाही त्याला कितीही चांगली भाषा दिली तरी त्यात तारीख उगवणार नाही. शेवटी मीच आत जाऊन विचारलं. कारण निघालं अगदी साधं आणि सांगण्यासारखं: करारातल्या एका कलमावर आमच्या कायदा विभागाचा अभिप्राय शुक्रवारी येणार आहे, त्याच्याशिवाय बसून उपयोग नाही.

बघा, हे कारण मेलमध्ये गेलं असतं तर समोरच्याला बरं वाटलं असतं. बैठक पुढे जातेय ती त्यांच्याच कामाची तयारी पुरी व्हावी म्हणून. त्याऐवजी त्यांना काय मिळालं? ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा वाचलंय तितक्या वेळा मनात आलंय की हे लोक काहीतरी लपवताहेत. कारण द्यायचं तर अर्ध्या वाक्यात खरं द्यावं. खासगी असेल तर ‘आमच्या बाजूच्या अडचणीमुळे’ म्हणून थांबावं. पण भारदस्त शब्दांनी झाकू नये.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण इथेच सगळे घसरतात.

‘पुढच्या गुरुवारी’ हे मंगळवारी लिहिलं तर त्याचे दोन अर्थ होतात, हे आज सगळ्यांनी बघितलंच. वार आणि तारीख, दोन्ही लिहायचं. दोन्ही का? कारण एकात चूक झाली तर दुसरं लगेच ती उघडी पाडतं. ‘गुरुवार, ३ एप्रिल’ असं चुकून लिहिलं गेलं तर वाचणारा विचारेल की गुरुवार तर २ ला आहे. नुसती तारीख चुकली असती तर कुणाला पत्ताच लागला नसता. महिना अक्षरांत लिहायचा, कारण ०२/०४ हे कुणी २ एप्रिल वाचतं आणि अमेरिकेतला माणूस ४ फेब्रुवारी वाचतो.

मग घड्याळ. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. तिथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. यंदा मार्चचा शेवटचा रविवार आहे २९ तारीख. आता साहेबांच्या बेताकडे बघा. बैठक २५ मार्चवरून २ एप्रिलवर न्यायची, म्हणजे मधे घड्याळ बदलतंय. साहेबांनी मनात ‘आपले पाच म्हणजे त्यांचे साडेअकरा’ असा हिशेब केला असेल तर तो २ एप्रिलला चुकतो. तेव्हा त्यांच्याकडे साडेबारा वाजलेले असणार, ऐन जेवणाच्या वेळी. त्यात ३ एप्रिल गुड फ्रायडे, तिथे सुट्टी, आणि मागून सोमवारीही सुट्टी. चार दिवसांच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी करारावर डोकं चालवायला कोण बसणार? २ एप्रिल द्यायचाच असेल तर सकाळची वेळ द्यायची, आणि तोही शेवटचा पर्याय म्हणून.

हे बघायला फार वेळ लागत नाही. समोरच्याच्या गावचं घड्याळ आणि सुट्ट्या बघूनच वेळ सुचवायची. नम्रता असेल तर मला ती इथे दिसते, ‘अमूल्य वेळ’ असं लिहिण्यात नाही.

आणि वेळ लिहिताना आधी त्यांची, मग आपली. विनंती आपली आहे, मग गणित त्यांनी का करायचं? शिवाय कुणाकडची वेळ ते शहराच्या किंवा देशाच्या नावाने लिहा. इंग्रजी आद्याक्षरं लिहू नका. आपण बिनधास्त IST लिहितो, पण आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तीच तीन अक्षरं वापरतात. लंडन म्हटलं की वाद नाही.

तिसरी गोष्ट, ‘ओके?’ बद्दल.

हा ‘ओके?’ मला सगळ्यात जास्त खटकतो. वरवर प्रश्न आहे, पण हो म्हणण्याशिवाय त्याला उत्तर नाही. नाही म्हणायचं तर समोरच्याने आपली सगळी डायरी उघडून नवी वेळ शोधायची, आपणच अडचण केल्यासारखं लिहायचं. मुलाने त्याचं केलं ‘संमती कळवून उपकृत करावे’. तेच ते, जरीकाठ लावलेलं. याच्या उलट टोकाचं एक आहे, ‘आपल्या सोयीनुसार केव्हाही कळवा’. ऐकायला किती गोड. पण म्हणजे काय, तर संपूर्ण आठवडा समोरच्यापुढे ओतायचा आणि निवडत बस म्हणायचं. मग दोन दिवस मेल इकडून तिकडे, ‘मंगळवार?’ ‘मंगळवार नाही, बुधवार?’ असं चालत राहतं.

मधला मार्ग म्हणजे दोन किंवा तीन पक्क्या वेळा. जास्त नाही. आपल्या बाजूच्या दोघांनाही त्या मोकळ्या आहेत हे आधी बघून घेतलेल्या. शक्यतो वेगवेगळ्या दिवशी. आणि कळवायची मुदत, कारण तोपर्यंत त्या तिन्ही वेळा आपल्याला अडवून ठेवाव्या लागतात. ‘उत्तर न आल्यास होकार समजू’ असं मात्र कधीही लिहू नका. न वाचलेल्या मेलला होकार समजणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या रिकाम्या बैठकाही.

तर मुलाबरोबर बसून सकाळी जायला हवा होता तो मेल केला. शुक्रवारी, २७ ला, अभिप्राय येणार. म्हणून त्याच्या आधीची एकही वेळ नाही. ३१ मार्च वर्षअखेर, आमचे अर्थविभागाचे गृहस्थ त्या दिवशी भेटणं अशक्य, म्हणून तो दिवस गाळला. उरलं ते असं:

विषय: २५ मार्चची बैठक पुढे नेण्याची विनंती, तीन पर्यायी वेळा

नमस्कार,

उद्या, बुधवार २५ मार्च २०२६ रोजी लंडनच्या वेळेनुसार सकाळी १०:३० ला ठरलेली करार नूतनीकरणाची बैठक आम्हाला पुढे न्यावी लागत आहे. मुदतीच्या कलमावर आमच्या कायदा विभागाचा अभिप्राय शुक्रवारी मिळणार आहे आणि त्याशिवाय चर्चा अपुरी राहील. इतक्या उशिरा कळवत असल्याबद्दल दिलगीर आहोत.

यांपैकी कोणती वेळ आपणा सर्वांना सोयीची आहे?

सोमवार, ३० मार्च: लंडन सकाळी ११:००, भारत दुपारी ३:३०
बुधवार, १ एप्रिल: लंडन सकाळी १०:००, भारत दुपारी २:३०
गुरुवार, २ एप्रिल: लंडन सकाळी ११:००, भारत दुपारी ३:३०

रविवारी लंडनची घड्याळं पुढे जातात, ते या वेळांत धरलेलं आहे. बैठक आधीप्रमाणेच ४५ मिनिटांची. सहभागी आणि विषय तेच. अभिप्राय शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आपल्याकडे पाठवू.

उद्या लंडनच्या दुपारी ४ पर्यंत आपली पसंती कळवल्यास कॅलेंडरमधली नोंद आम्ही बदलून पाठवू. यांपैकी काहीच जमत नसेल तर आपल्या सोयीच्या दोन वेळा सांगा, आम्ही जुळवून घेऊ.

बघा यात कुठे ‘अमूल्य’ आहे का. दिलगिरी एकदाच आहे, आणि ती कशाबद्दल ते स्पष्ट आहे: उशिरा कळवल्याबद्दल. बैठक हलवणं हा गुन्हा नाही, आदल्या दिवशी सांगणं हा त्रास आहे. मुलाच्या मेलमध्ये दिलगिरी होती, आभार होते, आशा होती, पण समोरच्याला ज्याचा त्रास झाला त्याचा उल्लेखच नव्हता.

‘सहभागी आणि विषय तेच’ हे वाक्य त्याला फालतू वाटलं. म्हणाला, ‘ताई, ते तर कळेलच ना.’ नाही कळत रे. बैठक हलली की पलीकडे कुणीतरी विचारतंच, आता पण तिघंही यायचं का, आधीचे कागद चालतील का. काय बदललं ते सांगतो तसं काय बदललं नाही तेही सांगावं लागतं. एका ओळीने चार उलट प्रश्न टळतात.

बरं, कुणी म्हणेल हा मेल साहेबांच्या ओळीपेक्षा दहापट लांब आहे, आणि लांब मेल कुणी वाचत नाही. मान्य. म्हणून तर विषयाच्या ओळीत काय हवंय ते आधीच सांगितलंय आणि वेळा वेगळ्या ओळींवर आहेत; नुसत्या तेवढ्या वाचल्या तरी उत्तर देता येतं. आणि हो, आपल्यातल्या आपल्यात ‘५ ला बसू, ओके?’ चालतं. मीही रोज लिहिते. माझ्या शेजारच्या टेबलवरच्या बाईला मी शहराच्या नावासकट वेळ कळवली तर ती माझं कपाळ तापलंय का बघेल. तो मुद्दाच नाही.

आता कॅलेंडर. हे मेलइतकंच महत्त्वाचं आहे आणि कुणी शिकवत नाही. साहेबांना नेहमी वाटतं, आधी नोंद हलवून टाकू, त्यांना आपोआप कळेल. करू नका. समोरच्याने हो म्हणायच्या आधी त्याच्या दिवसात आपली बैठक सरकवणं म्हणजे विचारायचं सोडून कळवणं. कागदपत्रांत कितीही गोड भाषा असली तरी ती सरकलेली नोंद उद्धटच दिसते. त्यांचा होकार आला की मग जुनीच नोंद उघडायची, तिची वेळ बदलायची आणि सगळ्यांना सुधारित निमंत्रण जाऊ द्यायचं. जुनी पुसून नवी करायचा मोह होतो, पण तसं केलं की जोडलेले कागद आणि बैठकीचा दुवा पुन्हा घालावा लागतो, आणि रद्द झाल्याची सूचना कुणी नजरेआड केली तर त्याच्याकडे दोन बैठका दिसत राहतात. मूळ नोंद ज्याने तयार केली त्यालाच ती नीट बदलता येते, म्हणून ती कुणाच्या नावावर आहे ते आधी बघायचं. आणि नोंदीच्या शीर्षकात ‘गुरुवार ५ वाजता’ असं घालायचं नाही. नोंद हलते, शीर्षकातले पाच तिथेच राहतात. कॅलेंडर प्रत्येकाला त्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं, तेवढं काम त्याच्यावर सोडायचं.

आजच्या गोंधळात तर आणखी एक पेच होता. परवाची, २६ ची नोंद त्यांच्या बाजूने तयार झालेली. ती आपण नाकारून नवा मेल टाकला असता तर त्यांना वाटलं असतं, हे आत्ताच हो म्हणाले आणि आत्ताच नाही. म्हणून आधी फोन. बैठक दुसऱ्या दिवशीची असेल तर नुसत्या मेलवर कधीच विसंबायचं नाही, हे एरवीही लक्षात ठेवा. संध्याकाळपर्यंत मेल न उघडणारी माणसं असतात. मी मुलालाच फोन लावायला सांगितलं. त्याने सहायक बाईंना सरळ सांगितलं की आमच्या मेलमध्ये तारीख स्पष्ट नव्हती, तुमची नोंद चुकीची नाही, तीन वेळा आत्ता पाठवतो. हात थरथरत होता त्याचा. पलीकडच्या बाई म्हणाल्या, बरं झालं फोन केलात, कारण त्यांच्या साहेबांनी त्या संध्याकाळचं दुसरं काम आधीच हलवलं होतं. बघा, आपल्या एका अर्धवट ओळीने कुणाचा दिवस कुठे हलतो. तासाभरात उत्तर आलं: सोमवार, ३० मार्च.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, पण एका गोष्टीवरचा नाही. ‘मेल धड लिहिता येत नाही’ हे सगळ्यांसमोर बोललं गेलंय. ज्याला तारीख सांगितली नव्हती, घड्याळ सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं नव्हतं, त्याला. हे उद्या मी साहेबांशी बोलणार आहे, दार लावून, आणि दुसरंही सांगणार आहे: यापुढे ‘प्रोफेशनल करून पाठव’ म्हणताना सोबत तारीख, कुणाकडची वेळ, कारण आणि दुसरा पर्याय एवढं पाठवा. हवं तर तुटक पाठवा, एका ओळीत पाठवा, ‘कृपया’ नको. बाकीचं तो मुलगा लिहील. आजचा दुसरा मेल त्यानेच लिहिलाय, मी फक्त शेजारी बसले होते.